वागळे इस्टेटचे तेलगोदाम आणि घोडबंदरला अडकणारी गाडी: एक्सेलमधल्या सिम्युलेशनचे एक प्रकरण

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये खाद्यतेलाच्या १५ किलोच्या डब्यांचे एक गोदाम आहे असे धरू. गिऱ्हाईक म्हणजे फरसाणवाले, केटरर, छोटी हॉटेले आणि वडापावच्या गाड्या. माल वापीच्या बाजूच्या कारखान्यातून येतो, एका गाडीत ४०० डबे, म्हणजे निव्वळ सहा टन तेल. मालकाची मागणी एका वाक्याची असते: "शंभरातले पंच्याण्णव डबे मागितल्या दिवशी मिळाले पाहिजेत, त्यासाठी किती शिल्लक राहिली की ऑर्डर टाकायची ते सांगा." गोदाम नमुन्याचे आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. पण गाठ जिथे बसते ती जागा खरी आहे, आणि अशाच गोदामांत ती वारंवार दिसते.

सध्याचा नियम असा: संध्याकाळी दुकान बंद करताना शिल्लक १८० डबे किंवा त्याखाली असेल तर कारखान्याला ऑर्डर द्यायची. हिशेब सरळ वाटतो. रोजची सरासरी विक्री ६० डबे, गाडी दोन दिवसांत येते, म्हणजे १२० डबे लागतील, वर एका दिवसाचा माल हाताशी. तरीही महिन्यातून एक-दोनदा गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. गोदामवाला गाडीवाल्याला दोष देतो, गाडीवाला गायमुख घाटाला.

आधी मोजमाप, मग सूत्र

सिम्युलेशन म्हणजे रँडम आकडे टाकून गोदामाचे दिवस शीटवर चालवून बघणे. त्याला दोन कोष्टके लागतात: रोजच्या मागणीचे आणि गाडीला लागणाऱ्या दिवसांचे. दोन्ही वहीतूनच काढायची आणि दोन्हींत एकेक खोच आहे.

मागणीसाठी गेल्या १०० कामाच्या दिवसांची चलने काढली आणि जवळच्या गटात टाकली. १० दिवस ३० डबे, २५ दिवस ५०, ३० दिवस ६०, २५ दिवस ७० आणि १० दिवस ९० डबे. सरासरी ६०. खोच अशी की चलनावर दिसते ती विक्री, मागणी नव्हे. ज्या दिवशी गोदामात ३० डबेच उरले होते त्या दिवशी ३० विकले गेले, पण मागणी ७० ची असू शकते. म्हणून ३० च्या गटातल्या प्रत्येक दिवसाची संध्याकाळची शिल्लक बघावी. ती शून्य असेल तर तो दिवस कोष्टकातून काढून टाकावा, किंवा फोनवर परतवलेल्या ऑर्डरी आठवून भर घालावी. ही चाळणी लावली नाही तर तुटवड्याचे दिवसच कमी मागणीचे दिवस म्हणून मोजले जातात, आणि सिम्युलेशन तुम्हाला खोटा दिलासा देते.

गाडीच्या बाबतीत 'उशीर' कशापासून कशापर्यंत मोजायचा हे आधी ठरवावे लागते. इथे दिवस मोजले ते ऑर्डर दिल्या संध्याकाळपासून माल उतरून विक्रीला तयार होईपर्यंत. गेटवर गाडी लागली तो क्षण नव्हे. गाडी सकाळी अकराला मुलुंड चेकनाक्याला दिसली तरी हमाल मिळून डबे थप्पीला लागायला संध्याकाळ होते, त्यामुळे तो माल दुसऱ्या दिवशीच्या विक्रीला येतो. नेहमीचा क्रम असा: पहिल्या दिवशी कारखान्यात बिल आणि भरणी, रात्री राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून फाउंटन हॉटेलपर्यंत, मग घोडबंदर रोड, गायमुख, कासारवडवली, माजिवडा करत दुसऱ्या दिवशी गोदाम. गर्दीच्या वेळी अवजड वाहने रोखली, घाटात एखादी गाडी बंद पडली, किंवा चालकाने चिंचोटी-कामण-भिवंडीचा वळसा घेतला, की एक दिवस जातो. कारखान्यातच भरणीला नंबर लागला नाही तर दोन-तीन दिवस जातात. वहीतल्या नोंदींवरून प्रमाण निघाले ते असे: ६० टक्के वेळा २ दिवस, २५ टक्के वेळा ३, १० टक्के वेळा ४ आणि ५ टक्के वेळा ५ दिवस. सरासरी २.६.

ही सरासरी शीटमध्ये टाकायचा मोह होतो. तो आवरावा. गाडी नेहमी २.६ दिवसांत येते आणि रोज ६० डबेच जातात असे धरले तर लागतात १५६ डबे, हाताशी १८०. कागदावर तुटवडा कधीच होत नाही. प्रत्यक्षात तो होतो, कारण गाडी २.६ दिवसांत कधीच येत नाही. ती दोनला येते किंवा चारला.

शीटची मांडणी

एक्सेलमध्ये एका ओळीत एक दिवस, सहाव्या ओळीपासून ३०५ व्या ओळीपर्यंत ३०० दिवस. ऑर्डरची पातळी `T1` मध्ये (१८०), गाडीतले डबे `T2` मध्ये (४००), सुरुवातीची शिल्लक `T3` मध्ये (४००). कोष्टके उजवीकडे, आणि त्यांत पहिल्या रकान्यात प्रत्येक गटाची खालची हद्द:

```
V      W        Y      Z
0      30       0      2
0.10   50       0.60   3
0.35   60       0.85   4
0.65   70       0.95   5
0.90   90
```

डावी जोडी मागणीची, `V3:W7`. उजवी गाडीच्या दिवसांची, `Y3:Z6`. `RAND()` शून्य किंवा त्याहून मोठा आणि एकाहून लहान असा आकडा देते. `VLOOKUP` ला शेवटी `TRUE` दिले की ते त्या आकड्याइतकी किंवा त्याहून लहान अशी सर्वांत मोठी हद्द शोधते. ०.४७ आला तर ०.३५ च्या ओळीत थांबते आणि ६० डबे देते.

सातव्या ओळीतली, म्हणजे दुसऱ्या दिवसाची सूत्रे अशी:

```
B7  =H6
C7  =RAND()
D7  =VLOOKUP(C7,$V$3:$W$7,2,TRUE)
E7  =MIN(B7,D7)
F7  =D7-E7
G7  =COUNTIF(K$6:K6,A7)*$T$2
H7  =B7-E7+G7
I7  =IF(AND(H7<=$T$1,MAX(K$6:K6)<=A7),1,0)
J7  =IF(I7=1,VLOOKUP(L7,$Y$3:$Z$6,2,TRUE),0)
K7  =IF(I7=1,A7+J7,0)
L7  =RAND()
```

`A` मध्ये दिवसाचा क्रमांक, `B` सकाळची शिल्लक, `D` मागणी, `E` विकले गेलेले, `F` कमी पडलेले, `G` संध्याकाळी उतरलेली गाडी, `H` बंद करतानाची शिल्लक. `I` मध्ये १ आला तर त्या संध्याकाळी ऑर्डर गेली. `J` गाडीला लागणारे दिवस, `K` ती उतरण्याचा दिवस. पहिल्या ओळीत फरक एवढाच की `B6` ला `=$T$3`, `G6` ला शून्य आणि `I6` ला `=IF(H6<=$T$1,1,0)`. बाकी सूत्रे तशीच, ओळीचा आकडा बदलून.

`I7` मधला `MAX` चा तुकडा विसरला तर सगळे बिघडते. एक गाडी वाटेत असताना शिल्लक १८० च्या खालीच असते, त्यामुळे शीट रोज संध्याकाळी नवी ऑर्डर देत सुटते आणि आठवड्याने गोदामात १२०० डबे उतरतात. तुटवडा आहे त्याहून फारच कमी दिसतो. निकाल फारच गोड दिसला तर आधी इथे बघावे.

मागणी कमी पडली तर ती 'उद्या देतो' म्हणून पुढे ओढलेली नाही. वडापाववाल्याला तेल आजच लागते, तो शेजारच्या गाळ्यातून घेतो, म्हणून हुकलेला डबा हुकलाच. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक थांबत असेल तर `H` उणे जाऊ द्यावे लागेल आणि सूत्रे बदलतील.

आठ दिवस हाताने

शीट चालवण्याआधी काही दिवस हाताने चालवून बघणे बरे. पहिल्या दिवशी सकाळी ४०० डबे.

रँडम आकडे आले ०.४७, ०.८२, ०.६१. मागणी ६०, ७०, ६०. तिसऱ्या संध्याकाळी शिल्लक २१०, म्हणजे १८० च्या वर, ऑर्डर नाही. चौथ्या दिवशी ०.२८, मागणी ५०, शिल्लक १६०. आता ऑर्डर गेली. गाडीसाठी आकडा आला ०.८८, तो ०.८५ आणि ०.९५ च्या मधला, म्हणजे ४ दिवस. गाडी आठव्या संध्याकाळी.

पाचव्या दिवशी ०.३९, ६० डबे गेले, उरले १००. सहाव्या दिवशी ०.७१, ७० गेले, उरले ३०. सातव्या दिवशी ०.१५, मागणी ५०, दिले ३०, कमी पडले २०. आठव्या दिवशी ०.६६, मागणी ७०, गोदाम रिकामे, कमी पडले ७०. संध्याकाळी गाडी उतरली, शिल्लक ४००.

एका उशिराने ९० डबे हुकले. पण चौथ्या दिवसाकडे परत बघा. ऑर्डर '१८० ला' द्यायचा नियम होता, ती सुटली १६० ला. हा वीस डब्यांचा फरक अपघात नाही, त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

शीटची आणखी एक तपासणी सोपी आहे. मागणीच्या कोष्टकात सगळीकडे ६० आणि गाडीच्या कोष्टकात सगळीकडे २ भरा. शिल्लक ४००, ३४०, २८०, २२०, १६० अशी उतरली पाहिजे, १६० ला ऑर्डर, मग १००, मग ४०, आणि त्याच संध्याकाळी गाडी उतरून ४४०. तुटवडा शून्य. गाडीचे दिवस ५ केले तर पहिल्याच खेपेला १४० डबे कमी पडले पाहिजेत. हे जुळले नाही तर रँडम आकड्यांना दोष देऊ नये, सूत्रात गडबड आहे.

तसेच `D` रकान्याची सरासरी ६० च्या जवळ आहे ना तेही बघावे. सरासरीच्या जागी `#N/A` येत असेल आणि तसे सेल वगळून बाकीच्यांची सरासरी ४९ च्या आसपास भरत असेल तर कोष्टकात खालच्या हद्दीऐवजी वरच्या हद्दी भरल्या आहेत: ०.१०, ०.३५, ०.६५, ०.९०, १. तसे केले की प्रत्येक आकडा एक गट खाली घसरतो आणि ०.१० च्या खालचे आकडे कोष्टकात सापडतच नाहीत. नवशिक्यांच्या शीटमध्ये ही चूक बरेचदा दिसते. `#N/A` झाकायला `IFERROR` लावून शून्य टाकणारे तर ती पक्कीच करून ठेवतात.

पंच्याण्णव टक्के कशाचे?

मालकाच्या वाक्यातला '९५ टक्के' दोन प्रकारे मोजता येतो आणि उत्तरे फार वेगळी येतात.

पहिला प्रकार: मागितलेल्या डब्यांपैकी किती दिले. त्याला पूर्तीचे प्रमाण म्हणू.

```
=SUM(E6:E305)/SUM(D6:D305)
```

दुसरा प्रकार: ऑर्डर देऊन गाडी उतरेपर्यंतची एक खेप धरायची आणि किती खेपा एकही डबा कमी न पडता पार पडल्या ते मोजायचे. त्यासाठी `M` रकान्यात प्रत्येक ऑर्डरपुढे ती खेप फसली का ते लिहायचे:

```
M7  =IF(I7=1,IF(SUMIFS($F$6:$F$305,$A$6:$A$305,">"&A7,
     $A$6:$A$305,"<="&K7)>0,1,0),0)
```

आणि बिनतुटवड्याच्या खेपांचे प्रमाण:

```
=1-SUM(M6:M305)/SUM(I6:I305)
```

१८० च्या नियमाला पूर्तीचे प्रमाण सुमारे ९४ टक्के येते. बिनतुटवड्याच्या खेपा मात्र शंभरात साठच. दोन्ही आकडे एकाच शीटमधले आणि दोन्ही बरोबर. एका ऑर्डरपासून पुढच्या ऑर्डरपर्यंत सुमारे सात दिवस जातात, म्हणून वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ४२ खेपा, त्यातल्या सतराएक खेपांत कधी ना कधी 'माल नाही' म्हणावे लागते. महिन्याला एक-दोन वेळा, अगदी गोदामवाल्याच्या तक्रारीइतकेच. मालक 'डबे' म्हणाला होता, तेव्हा त्याचा अर्थ पहिला. पण त्याला त्रास देतो तो दुसरा. दोन्ही आकडे समोर ठेवून त्यालाच निवडू द्यावे, सर्व्हिस लेव्हल असा एकच शब्द वापरून सोडून देऊ नये.

एका फेरीवर विसंबू नये

`F9` दाबा, सगळे रँडम आकडे बदलतात आणि बिनतुटवड्याच्या खेपा ६४ वरून ५२ वर जातात. पुन्हा दाबा, ६९. यात बिघाड काही नाही. ४२ खेपांच्या नमुन्यात ६० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना १५ टक्के बिंदूंपर्यंतची हालचाल अपेक्षितच असते. त्यामुळे १८० ला एकदा चालवून ६४ आले आणि २१० ला एकदा चालवून ६३ आले, म्हणून 'फरक पडत नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणजे नाणे दोनदा उडवून त्याची खोट ठरवणे.

उपाय म्हणजे त्याच ३०० दिवसांच्या ५० फेऱ्या. एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट न करता हे होते. त्याच शीटवर `AB6` मध्ये ज्याचा निकाल हवा त्या सूत्राचा संदर्भ द्यायचा, `AC6:AG6` मध्ये १५०, १८०, २१०, २४०, २७० आणि `AB7:AB56` मध्ये १ ते ५० लिहायचे. `AB6:AG56` निवडून `Data > What-If Analysis > Data Table`. `Row input cell` ला `T1`, `Column input cell` ला कुठलाही रिकामा सेल. रिकाम्या सेलमध्ये १ ते ५० टाकून काही बदलत नाही, पण दर वेळी शीट नव्याने मोजली जाते आणि `RAND()` नवे आकडे देते. एवढेच हवे होते. प्रत्येक स्तंभाची सरासरी घ्यायची. पन्नास फेऱ्यांत २१०० च्या आसपास खेपा होतात आणि ६० टक्क्यांचा अंदाज दोन बिंदूंच्या आत स्थिरावतो.

टेबल बनवल्यावर शीट जड होते, दर एन्टरला अडीचशे वेळा सगळे मोजले जाते. `Formulas > Calculation Options` मध्ये `Automatic Except for Data Tables` निवडावे आणि निकाल हवा तेव्हाच `F9` दाबावे. गूगल शीट्समध्ये ही सोय नाही, तिथे एका फेरीतच दिवस वाढवावे लागतात.

निकाल गोल करून असे:

| ऑर्डरची पातळी | बिनतुटवड्याच्या खेपा | दर खेपेला हुकलेले डबे | पूर्तीचे प्रमाण |
|---|---|---|---|
| १५० | ३८% | ४१ | ९१% |
| १८० | ६०% | २५ | ९४% |
| २१० | ७५% | १५ | ९६.५% |
| २४० | ८५% | ८ | ९८% |
| २७० | ९१% | ४ | ९९% |

डबे मोजायचे तर २१० ला ९५ ओलांडले. खेपा मोजायच्या तर २७० लाही ९५ होत नाहीत.

सूत्र ९५ म्हणते, शीट ८७

साठ्याचे नेहमीचे सूत्र लावून बघू. रोजच्या मागणीचे प्रचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, २३०, गाडीच्या दिवसांचे ०.७४. गाडी येईपर्यंतच्या मागणीचे प्रचरण म्हणजे २.६ गुणिले २३० अधिक ६० चा वर्ग गुणिले ०.७४, एकूण ३२६२, आणि त्याचे वर्गमूळ ५७. पंच्याण्णव टक्क्यांसाठी १.६४५ ने गुणून सरासरी १५६ मध्ये मिळवले की पातळी येते २५०. शीटमध्ये २५० टाका, बिनतुटवड्याच्या खेपा ८७ टक्क्यांच्या आसपास येतात. हे आठ टक्के जातात कुठे?

बराचसा भाग त्या वीस डब्यांत आहे. सूत्र धरून चालते की शिल्लक बरोबर २५० ला टेकताच ऑर्डर सुटते. इथे शिल्लक दिवसातून एकदाच, संध्याकाळी, बघितली जाते. २६० असेल तर ऑर्डर नाही, दुसऱ्या दिवशी ७० गेले की एकदम १९०. या मागणीसाठी ऑर्डर सुटताना शिल्लक ठरवलेल्या पातळीच्या सरासरी २७ डबे खाली असते. शीटमध्ये तपासायला `I` जिथे १ आहे तिथल्या `H` ची सरासरी घ्या:

```
=AVERAGEIF(I6:I305,1,H6:H305)
```

पातळी १८० असताना ही १५३ च्या जवळ येते. म्हणजे 'एका दिवसाचा जादा माल' म्हणून जे राखले होते त्यातला निम्म्याला निम्मा ऑर्डर सुटण्याआधीच संपलेला असतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिल्लक एकदा आणखी बघितली तर ही घसरण साधारण अर्ध्यावर येते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. अट एकच, दुपारी दिलेली ऑर्डर कारखान्याने त्याच दिवसाची धरली पाहिजे.

उरलेला भाग गाडीच्या वाटणीचा. सूत्र घंटेच्या आकाराचे वाटप धरते, पण गाडी लवकर कधीच येत नाही, फक्त उशिरा येते. दोन दिवसांच्या खाली काही नाही आणि वर पाचपर्यंत शेपूट. त्या शेपटातल्या खेपा पातळी थोडी वाढवून वाचत नाहीत.

वरच्या बेरजेतच दुसरी गोष्ट लपली आहे. ३२६२ पैकी २६६४ गाडीच्या दिवसांमुळे आले, मागणीच्या चढउतारामुळे फक्त ५९८. म्हणजे पाचांतले चार भाग गाडीचे. मागणीचा अंदाज सुधारण्यासाठी केलेली मेहनत इथे फारशी फळणार नाही.

शीटमध्ये हे लगेच तपासता येते. दुसरा वाहतूकदार हाताशी ठेवला, पहिल्याची गाडी दुसऱ्या दिवशी भरणीला लागली नाही तर त्याची बोलवायची, आणि त्यामुळे ४-५ दिवसांच्या खेपा बंद झाल्या असे धरू. कोष्टक बदलून ७० टक्के २ दिवस, ३० टक्के ३ दिवस केले. पातळी २१० वर बिनतुटवड्याच्या खेपा ७५ वरून ८७ वर गेल्या, हुकलेले डबे १५ वरून ४ च्या खाली आले. पूर्तीचे प्रमाण ९९ टक्के. जुन्या गाडीने यासाठी २७० ची पातळी लागत होती.

किती वाढवणे परवडते

दुसरा वाहतूकदार मिळेपर्यंत पातळी वाढवणे हाच मार्ग, तेव्हा पैशात बघू. डबा २००० रुपयांचा आणि डब्यामागे सुटतात ४० रुपये असे धरले. पातळी ३० ने वाढवली की जास्तीत जास्त ३० डबे, म्हणजे ६०,००० रुपये जादा अडकतात. वर्षाला १२ टक्के व्याजाने ७,२०० रुपये.

वर्षाची मागणी १८,००० डबे. १८० वर हुकतात सुमारे १,०५०, २१० वर ६३५, २४० वर ३६०, २७० वर १९०. पहिल्या पायरीला ४१५ डबे वाचतात, १६,६०० रुपये. दुसरीला २७५, ११,००० रुपये. तिसरीला १७०, ६,८०० रुपये, म्हणजे व्याजाशी बरोबरी. तेव्हा २४० वर थांबावे. हिशेब फक्त त्या डब्यावरच्या नफ्याचा आहे. परतलेला केटरर कायमचा दुसरीकडे गेला तर २७० ही स्वस्त पडते, पण त्याची किंमत शीट सांगणार नाही, ती मालकाने सांगायची.

पातळ्यांची तुलना कमी फेऱ्यांत करायची असेल तर सर्वांना तेच दिवस आणि त्याच गाड्या द्याव्यात. आधी `C`, मग `L`, असे एकेक रकाना निवडून कॉपी आणि त्याच जागी `Paste Special > Values`. आकडे गोठले. पण पातळी बदलली की ऑर्डरचा दिवस बदलतो आणि वेगळाच `L` उचलला जातो, म्हणून गाडीचा आकडा दिवसाऐवजी ऑर्डरच्या क्रमांकाने घ्यावा:

```
J7  =IF(I7=1,VLOOKUP(INDEX($L$6:$L$305,SUM(I$6:I7)),
     $Y$3:$Z$6,2,TRUE),0)
```

आता तिसरी गाडी सगळ्या पातळ्यांना सारखीच उशिरा येते. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की गोठवलेल्या शीटवर ५० फेऱ्यांचे टेबल चालवले तर पन्नास वेळा तेच उत्तर येईल.

पावसाळा

`RAND()` ला मागच्या गाडीचे काही माहीत नसते. शीटमध्ये प्रत्येक गाडी स्वतंत्र. जुलैत तसे नसते. घोडबंदर रोड खड्ड्यांनी अडला की तो आठवडाभर अडलेला असतो, एका मागोमाग दोन-तीन गाड्या उशिरा येतात. वर्षभराच्या नोंदी एकाच कोष्टकात ओतल्या तर हा गठ्ठा पसरून पातळ होतो आणि एप्रिलला जरा वाईट, जुलैला फारच चांगले असे उत्तर मिळते. वर्षाची सरासरी बरोबर दिसते म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

म्हणून जून ते सप्टेंबरचे कोष्टक वेगळे. समजा त्या महिन्यांत ३० टक्के वेळा २ दिवस, ३५ टक्के ३, २० टक्के ४ आणि १५ टक्के ५ दिवस लागतात. सरासरी ३.२ होते, वाढ दिवसाच्या दोनतृतीयांशाहूनही कमी. पण २४० ची पातळी ठेवली तर बिनतुटवड्याच्या खेपा ८५ वरून ६६ टक्क्यांवर घसरतात. ८५ च्या आसपास परत जायला पातळी ३०० लागते.

गोदामात ती मावते का हेही तपासायला हवे. सर्वांत जास्त साठा कधी होतो? बरोबर ३०० ला ऑर्डर गेली, गाडी दोनच दिवसांत आली आणि ते दोन्ही दिवस ३० डब्यांचे निघाले तर. २४० शिल्लक आणि वर ४०० डबे, एकूण ६४०. थप्पीला ७०० ची जागा असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात `T1` मध्ये ३०० लिहावे आणि पाऊस सरल्यावर परत २४० करावे. नवरात्र-दिवाळीला फरसाणवाल्यांची मागणी चढते, तेव्हा बदलायचे कोष्टक दुसरे, `V3:W7` चे.